पॉवर ४ कुठून आली?

आज दुपारपासून डोकं ठिकाणावर नाही. पूर्व भागातल्या एक मावशी आल्या, विड्या वळतात. पायरीवरून घसरून गुडघ्याची वाटी फुटली, तार घालून ऑपरेशन झालं, मग एका ठिकाणी बरेच दिवस फिजिओथेरपी. फाईल चांगली जाडजूड. पान उलटावं तिथे एकच ओळ: ‘रेंज सुधारते आहे, पॉवर ४.’ म्हणजे गुडघा वाकण्या-सरळ होण्याचा पल्ला वाढतोय आणि स्नायूचा जोर पाचपैकी चार.

किती सुधारली? कुठून कुठवर? मावशींनी स्वतः वाकवला की थेरपिस्टने? काही नाही!

पाठीवर झोपवून सांध्याचा कोन मोजायचा गोनिओमीटर लावला. मधला खिळा मांडीच्या हाडाच्या खालच्या, बाहेरच्या उंचवट्यावर. एक पातं खुब्याच्या दिशेला, दुसरं घोट्याच्या बाहेरच्या हाडाकडे. पूर्ण सरळ गुडघा म्हणजे ० अंश. मी हलवला तर, म्हणजे पॅसिव्ह, ५ ते ९५ अंश. मग पलंगाच्या काठावर बसवून म्हटलं, मावशी, आता तुम्ही सरळ करा. पाय २५ अंशांवर थांबला, थरथरायला लागला. म्हणजे सांधा ५ पर्यंत जातो, पण स्नायू त्याला तिथवर नेत नाही. मधला २० अंशांचा फरक म्हणजे एक्स्टेन्शन लॅग.

आणि पॉवर म्हणे ४! अहो, ४ म्हणजे सांधा जिथवर जातो तिथवर गुरुत्वाविरुद्ध पूर्ण नेऊन वर हाताचा दाबही सोसला पाहिजे. इथे बिनदाबाचाच पाय पूर्ण जात नाही. अर्ध्याहून जास्त जातो, म्हणून ३ वजा. काठावर बसवून पाहिलं असतं तर कुणीही ४ लिहिलं नसतं. बहुतेक अर्ध्या वाकलेल्या गुडघ्यावर दाब देऊन पाहिलं असणार, तिथे जोर लागतोच.

ओपीडीत रांग असते, मान्य. मोजणारा हात बदलला की ५ अंश इकडेतिकडे होतात, तेही मान्य. म्हणून तर शक्यतो एकाच माणसाने, एकाच स्थितीत मोजायचं, आणि ९० चं ९५ झालं म्हणून लगेच ‘सुधारणा’ लिहायची नाही.

मावशींना इतके दिवस गुडघा दाबून दाबून सरळ करून दिला. रडायच्या म्हणे. दुखायचं ते दुखलंच, आणि गुडघा सरळ करणाऱ्या मांडीच्या पुढच्या स्नायूचं, क्वाड्रिसेप्सचं, काम मागे पडलं. सगळ्यात वाईट म्हणजे हा लॅग आधी ३५ होता आणि कमी होत आलाय, की १० होता आणि वाढलाय, हे मला कळायला मार्ग नाही. वाढला असेल तर सूज बघावी लागेल, तार आणि वाटीखालचा कंडरा बघायला सर्जनकडे परत पाठवावं लागेल. आता नवा एक्स-रे, नवा खर्च.

मावशी शांतपणे विचारत होत्या, ‘खाली बसून सूप मांडीवर घेता येईल का हो?’ ९५ अंशांत मांडी घालता येत नाही. तेवढं खरं सांगितलं.

माझ्या पानावर आज असं लिहिलंय: उजवा गुडघा, पॅसिव्ह ५ ते ९५ पाठीवर झोपून, अ‍ॅक्टिव्ह सरळ करताना २५ वर थांबतो, काठावर बसून, लॅग २०, क्वाड्रिसेप्स ३ वजा. दोन ओळी झाल्या. पुढच्या आठवड्यात याच्याखाली याच क्रमाने पुन्हा लिहीन, आणि मावशी उद्या गाव बदलून दुसऱ्या कुणाकडे गेल्या तरी त्याला पहिल्यापासून सुरुवात करावी लागणार नाही.