‘भिंती’, ‘विहिरी’ हे अपवाद नाहीत

“अकारान्त स्त्रीलिंगी शब्दाला अनेकवचनात ‘आ’ लागतो: वाट–वाटा, वीट–विटा. भिंती, विहिरी हे अपवाद, ते पाठच करावे लागतात.”

पाठ करायची गरज नाही. या शब्दांचे सरळ दोन गट आहेत आणि गट शोधायला शब्दाला ‘ला’ किंवा ‘त’ जोडून बघायचं. आधी ‘ए’ आला, तर अनेकवचन ‘आ’; ‘ई’ आली, तर ‘ई’च. तारीख घ्या. आपण ‘तारखेला’ म्हणतो, म्हणून तारखा. विहीर घ्या. ‘विहिरीत’ पडतो, म्हणून विहिरी. (मधली ‘ही’ ऱ्हस्व होते, ते दोन्हीकडे सारखंच.) म्हैस, म्हशीला, म्हशी. जीभ, जिभेला, जिभा.

एकच जागा फसवी आहे. ‘त्या वेळी’ ऐकून अनेकवचन ‘वेळी’ वाटेल. पण ते गोठलेलं रूप आहे. ‘वेळेला’वरून वेळा हेच बरोबर.

खरे अपवाद दुसरीकडे आहेत, ऊकारान्त स्त्रीलिंगी शब्दांत. वस्तू, बाजू, वधू बदलत नाहीत, मात्र हे बदलतात:

सासू–सासवा
जाऊ–जावा
ऊ–उवा
पिसू–पिसवा
जळू–जळवा

आणि ओकारान्तांतली एकटी बायको: बायका.