खुलासा: ‘सर्व जबाबदारी आमची’ एवढ्यावर व्हिसा मिळत नाही

“चर्चच्या लेटरहेडवर ‘फादर आमचे पाहुणे आहेत, सर्व जबाबदारी आमची’ असं लिहून सही-शिक्का मारला की व्हिसा नक्की मिळतो. बाकी तपशील जितका कमी तितका बरा.”

असं नाही. परदेशातून फादरना बोलावणाऱ्या चर्चचं आमंत्रणपत्र फक्त व्हिसाच्या अर्जाला आधार देतं. निर्णय व्हिसा अधिकाऱ्याचा. आणि मोघम पत्रावरच जास्त शंका येते.

सर्वात आधी हेतू. ‘सदिच्छा भेट’ लिहायचं आणि प्रत्यक्षात रोज मिस्सा, प्रवचनं ठेवायची, हे अंगाशी येतं. काही देशांत पर्यटक व्हिसावर धर्मोपदेश चालत नाही, काही ठिकाणी विनावेतन चालतो. म्हणून व्हिसाचा प्रकार आधी ठरवा, पत्र नंतर लिहा.

समजा फादर 3 ते 30 नोव्हेंबर येणार आहेत. पत्रात याच तारखा हव्यात, ‘साधारण महिनाभर’ नको. पहिला आठवडा तपसाधना, पुढे रविवारच्या मिस्सा, पगार नाही, 30 तारखेला परतीचं विमान, असं सरळ लिहावं. अर्जात तीन महिने आणि पत्रात चार आठवडे असतील, तर प्रश्न येणारच.

जबाबदारीचंही तसंच. राहणं धर्मगुरूंच्या निवासात, पत्त्यासह. जेवण व स्थानिक प्रवास यजमानांचा. तिकीट आणि आरोग्य विमा कोणाचा, तेही स्पष्ट. खर्च चर्च उचलणार असेल तर चर्चचं बँक स्टेटमेंट जोडा, नाहीतर ते वाक्य कोरडंच राहतं. फादर आपल्या धर्मप्रांतात सेवेत आहेत हे सांगणारं पत्र मात्र त्यांच्याच बिशपांकडून यायला हवं. ते यजमान देऊ शकत नाहीत.