सेट कोडचा गोल रिकामा राहिला तरी चालतो म्हणे!

वहिनीच्या सोसायटीच्या ग्रुपवरून आलेला मजकूर, जसाच्या तसा:

«पालकांनो घाबरू नका! आता ओएमआर शीट मोबाईलच्या फोटोवरून तपासतात. 1) फोटो कसाही काढला तरी सॉफ्टवेअर सरळ करून घेतं. 2) रोल नंबर किंवा सेटचा गोल राहिला तरी वर पेनाने लिहिलेलं वाचलं जातं. 3) सेट रिकामा असेल तर चारही आन्सर की लावून जिच्यात जास्त मार्क येतील ती धरतात, म्हणजे मुलाचा फायदाच. 4) यूपीएससीतही हेच चालतं.»

हे मला पाठवलं ते वहिनीने, आणि खाली लिहिलं, “भाऊजी, मग आपल्या पोराले पाच मार्क काऊन?” पोरगा म्हणजे माझा पुतण्या. एका क्लासच्या सराव परीक्षेत त्याला 200 पैकी 5.33 मिळाले होते. क्लासवाल्यांनी सांगितलं की सॉफ्टवेअर चुकत नाही. मी स्वतः दोन-तीन ठिकाणच्या सराव परीक्षांच्या शीट फोटोवरून तपासून देतो, त्यामुळे हे वाक्य ऐकलं की माझं डोकं फिरतं.

चौथा मुद्दा आधी निकालात काढतो, कारण त्याला दोन मिनिटंही लागत नाहीत. यूपीएससीच्या पूर्वपरीक्षेची कुठलीही जुनी प्रश्नपुस्तिका काढा आणि पहिल्या पानावरच्या सूचना वाचा. रोल नंबर आणि पुस्तिकेचा ए, बी, सी किंवा डी हा कोड उत्तरपत्रिकेवर काळजीपूर्वक भरणं ही उमेदवाराची जबाबदारी आहे, आणि त्यात काही राहिलं किंवा विसंगती आढळली तर उत्तरपत्रिका नाकारली जाऊ शकते, असं तिथे स्वच्छ छापलेलं असतं. ज्याने फॉरवर्ड लिहिलं त्याने ते पान कधी पाहिलं नसावं.

दुसरा मुद्दा. पेनाने लिहिलेला नंबर माणसाला ताडून पाहता यावा म्हणून असतो. फोटो तपासणारे साधे प्रोग्राम ती चौकट उघडूनही पाहत नाहीत. ते शीटच्या चार कोपऱ्यांतले काळे चौकोन शोधतात, त्यांवरून फोटो ताणून ठरलेल्या मापाचा करतात, आणि मग ठरलेल्या जागी प्रत्येक गोलात किती काळेपणा आहे तेवढं मोजतात. रोल नंबरच्या प्रत्येक स्तंभात 0 ते 9 असे दहा गोल, त्यांतला सर्वांत काळा तो अंक. सेटच्या ओळीत चार गोल, त्यांतला सर्वांत काळा तो सेट. बस.

पुतण्याची गोची इथेच झाली. “काका, मी वर सी लिहिला होता, गोल भरायचा राहून गेला,” असं त्याने मान खाली घालून सांगितलं. चूक त्याची, ती मी त्याला ऐकवली. पण मग निकालात सेट बी कुठून आला? रिकामा असेल तर रिकामा म्हणा ना.

मी त्याच्या शीटचा फोटो मागवला आणि चार गोल मोजले. ए मध्ये 0.17, बी मध्ये 0.23, सी मध्ये 0.15, डी मध्ये 0.20 इतका काळा भाग. याच शीटवर पेनाने नीट भरलेला गोल 0.75 च्या आसपास होता. म्हणजे चारही रिकामेच. हा काळेपणा शाईचा नसून गोलात छापलेल्या अक्षराचा होता, आणि चारही अक्षरांत बी ला रेघा जास्त. प्रोग्रामला “सर्वांत काळा कोण” एवढंच विचारलेलं, त्याने इमानदारीने बी सांगितलं. अशाच प्रोग्रामकडून रोल नंबरचा रिकामा स्तंभ बहुतेक वेळा 8 म्हणून वाचला जातो, कारण 8 मध्ये शाई जास्त. निकालाच्या यादीत अनपेक्षित आठ दिसू लागले की मी आधी रिकामे स्तंभ शोधतो.

छापील ओएमआर शीट बऱ्याचदा गुलाबी किंवा नारिंगी असते, ती याच कारणासाठी. लाल प्रकाशात तो रंग जवळजवळ पांढरा दिसतो आणि फक्त पेनाची शाई उरते. फोटोतही लाल चॅनेल तेवढा घेतला तर हेच साधतं. पण या क्लासने नागपुरातल्या बर्डीवरून काळ्या झेरॉक्स मारून आणल्या होत्या, तिथे अक्षर आणि शाई वेगळी होणार कशी? अशा वेळी प्रोग्रामला नाही म्हणायला शिकवावं लागतं. मी असं लिहितो, यात ink म्हणजे चारही गोलांची अक्षरं आणि प्रत्येकाचा मोजलेला काळेपणा:

```python
vals = sorted(ink.values(), reverse=True)
if vals[0] < 0.45:
    code = "BLANK"
elif vals[0] - vals[1] < 0.20:
    code = "DOUBT"
else:
    code = max(ink, key=ink.get)
```

हे 0.45 आणि 0.20 माझ्या शीटचे आकडे आहेत. तुमच्या कागदावर आधी वीस-पंचवीस शीट मोजून ते ठरवावे लागतील. दुसरी अट फार कामाची आहे. हाताची सावली सेटच्या ओळीवर पडली तर चारही गोल 0.45 च्या वर जाऊ शकतात, पण एकमेकांपासून लांब जात नाहीत, म्हणून शंका म्हणून बाजूला पडतात.

आता तिसरा मुद्दा, ज्यासाठी मी हे सगळं लिहायला बसलो. त्यात अर्धं सत्य आहे, ते नाइलाजाने मान्य करतो. पुतण्याने 100 पैकी 96 प्रश्न सोडवले होते. चारही की लावून पाहिल्या: ए ने 22 बरोबर, बी ने 26, डी ने 25, आणि सी ने 61. इथे आंधळ्यालाही दिसेल की पुस्तिका सी ची होती. बरोबर उत्तराला 2 आणि चुकल्यास दोन तृतीयांश वजा, या हिशोबाने बी च्या कीने 5.33 होतात आणि सी च्या कीने 98.67. परक्या सेटची की लावली की चार पर्यायांत सरासरी पंचवीस टक्के उत्तरं योगायोगाने जुळतात. शंभरात पंचवीस बरोबर म्हणजे 50 मिळाले, पंचाहत्तर चुकले म्हणजे 50 गेले, हाती शून्य. हुशार पोराला शून्याच्या आसपास मार्क दिसले तर पहिला संशय सेटवर घ्यायचा, तो यामुळे.

पण जास्त मार्क येतील ती की धरायची, हा नियम नाही होऊ शकत. पुतण्याच्या मित्राचीही सेटची ओळ रिकामी होती. त्याने 90 सोडवले, आणि चार कींनी ए ला 24, बी ला 27, सी ला 26, डी ला 19 अशी उत्तरं जुळली. सांगा आता, कुठला सेट? शंभर प्रश्नांत परकी की सहज 16 ते 34 पर्यंत कुठेही जाऊ शकते. ज्याची तयारी कच्ची आहे त्याची स्वतःची की याच गर्दीत हरवते. बी ऐवजी सी धरली तर मार्कांत फरक पडेल जेमतेम पावणेतीनचा, पण कुठला धडा कच्चा आहे हे दाखवणारा तक्ता मात्र पूर्ण खोटा निघेल, आणि तो तक्ता याच पोराला सर्वांत जास्त हवा असतो.

याहून वाईट पुढे आहे. समजा माझ्या हातात सी ची पुस्तिका आहे आणि पुढच्या बाकावर बी ची पुस्तिका घेऊन वर्गातला पहिला नंबर बसला आहे. मी माझी पुस्तिका उघडतच नाही, त्याचे गोल पाहून पाहून भरतो आणि सेटची ओळ रिकामी सोडतो. बी ची की लावली की 80 बरोबर, सी ची लावली की 25. फॉरवर्डचा नियम माझ्या पदरात बी टाकतो आणि मी वर्गात दुसरा येतो. अरे बाबा, सेट काढतात कशाला? शेजाऱ्याचं पाहून लिहिलेलं मातीत जावं म्हणून! हा नियम नेमकं नकलेलाच बक्षीस देतो. त्यामुळे चार की लावून पाहणं ही खूण म्हणून ठीक, निर्णय मात्र पुस्तिकेचं पहिलं पान किंवा बैठक व्यवस्थेचा कागद पाहूनच करायचा. गोल स्वच्छ भरलेला असला तरी ही तपासणी चालवावी. भरलेल्या सेटने 24 आणि दुसऱ्याच सेटने 70 येत असतील तर ती शीट माणसाच्या हातात गेलीच पाहिजे.

सेटच्या बाबतीत मी एवढा हट्टी का, तर रोल नंबर चुकला की बोंब होते, सेट चुकला की होत नाही. चुकीचा वाचलेला रोल नंबर एक तर यादीत नसतो, किंवा दुसऱ्या कुणाचा असतो आणि मग एकाच नंबरच्या दोन शीट निघतात. नेमका त्या दिवशी गैरहजर असलेल्याचा नंबर आला तरच ते निसटतं, म्हणून हजेरीपट जोडून घ्यावा. सेट मात्र ए, बी, सी, डी काहीही वाचला तरी वैधच असतो, आणि सगळ्या शंभर उत्तरांचा निकाल त्या एका गोलावर लागतो.

राहिला पहिला मुद्दा. वाकडा फोटो सरळ होतो हे खरं, पण कागद सपाट असेल तरच. चार कोपऱ्यांवरून केलेली दुरुस्ती कागद सपाट आहे असं गृहीत धरते. मधोमध घडी पडून फुगलेल्या कागदाचे कोपरे अचूक बसतात आणि मधले गोल सरकतात. आमच्या शीटवर शेजारच्या दोन गोलांच्या मध्यबिंदूंत सहा मिलिमीटर अंतर आहे. तीनहून जास्त सरकलं की शेजारचा गोल वाचला जातो. वाचलेल्या जागांवर रंगीत वर्तुळं काढून फोटो एकदा डोळ्यांनी पाहिला की हे लगेच दिसतं.

क्लासला मी पुतण्याचा फोटो आणि चार आकडे पाठवले, पण ते त्यांना पटले नाहीत. पटलं ते त्यांच्याच यादीवरून. 120 पोरं हजर, पुस्तिका बाकांवरून ए, बी, सी, डी अशा क्रमाने वाटलेल्या, म्हणजे प्रत्येक सेट 30 हवा. निकालात ए 27, बी 41, सी 25, डी 27. अकरा पोरं बी मध्ये जास्त. त्या अकराही शीटवर सेटची ओळ रिकामी निघाली. दहांचा सेट बैठकीच्या कागदावरून लागला. अकरावा पुतण्याचा मित्र. तो उशिरा येऊन शेवटच्या बाकावर बसला होता, कागदावर त्याचं नावच नाही, आणि पुस्तिका त्याने घरी रद्दीत टाकली आहे. त्याची आई आज गठ्ठा उचकून पाहणार आहे.