‘एक घंटी’ या कथेवरच्या प्रतिक्रियेला उत्तर

वाचकाची प्रतिक्रिया:
“कथा वाचली, पण कंडक्टर पटला नाही. पिशवीतून धूर दिसला की माणूस ओरडतोच, आणि ओरडायलाच पाहिजे. हा मात्र एक घंटी मारतो आणि ‘गाडी समोर जात नाही’ असं प्रवाशांना चक्क खोटं सांगतो. पिशवी खिडकीतून फेकली असती तर सीटही वाचल्या असत्या. वर तिकिटाचं मशीन काढून माणसं मोजत बसतो. शांतपणाच्या नादात खरेपणा गेला.”

नमस्कार.

आधी खिडकीचं सांगतो. लाल गाडीच्या खिडकीला आडवे गज असतात. कथेतली पिशवी खताच्या गोणीची शिवलेली, आत फवारणी पंपाची बॅटरी, दोन लोखंडी पाने आणि जुना टॉवेल. ती त्या गजांतून बाहेर जात नाही. म्हणजे फेकायची तर दारातूनच, आणि दारापर्यंत न्यायची तर उभ्या नऊ माणसांच्या मधून, बसलेल्यांच्या गुडघ्यांना घासत. निम्म्या वाटेत तिनं पेट घेतला तर हातातली पिशवी माणूस तिथंच टाकतो. मग आग बरोबर वाटेत पडते आणि मागच्यांना दार उरत नाही.

ती पेट घेईल, याची शक्यताही मोठी होती. पिशवीवाल्या म्हाताऱ्याची बॅटरी लिथियमची. वरचं कवच काढून गावातच वायरी नव्यानं जोडलेल्या, त्यामुळे शॉर्ट झाल्यावर वीज तोडणारं सर्किट मधे राहिलेलं नाही. पाना उघड्या वायरींना टेकला आणि एक सेल तापला. असा सेल फुगतो, बारीक फुसफुसतो, गोडसर उग्र वास येतो आणि पांढरा धूर निघतो. तो नुसता धूर नसतो, त्यात पेट घेणारी वाफ असते. एका सेलची उष्णता शेजारच्या सेलला लागते आणि तोही त्याच वाटेनं जातो. मधला वेळ कधी काही सेकंदांचा, कधी काही मिनिटांचा. तो किती मिळेल हे बाहेरून बघून कुणालाही सांगता येत नाही.

कंडक्टरला यातलं काहीच माहीत नाही, आणि ते मी मुद्दाम तसं ठेवलं. सप्टेंबर महिना, पांढरकवड्याहून घाटंजीकडे जाणारी गाडी, दोन्ही बाजूला पऱ्हाटी. अशा दिवसांत आमच्या यवतमाळ जिल्ह्यात पिशवीत फवारणीचं औषधही असू शकतं. २०१७ च्या फवारणी हंगामात याच जिल्ह्यात वीसच्या आसपास शेतकरी आणि शेतमजूर विषबाधेनं दगावले. तेव्हापासून कुठल्याही धुराचा वास छातीत घेऊन ‘काय हाय’ ते बघायला जाऊ नये, इतकं इथल्या माणसाला कळतं. म्हणून तो पिशवी उघडत नाही, तिला हातही लावत नाही. पिशवी जागेवर राहील आणि माणसं हलतील, एवढंच तो ठरवतो. त्याचं पुढचं सगळं वागणं यातून येतं.

आता घंटी. माझे मोठे काका वाहक होते. एक घंटी थांबायची, दोन निघायच्या, हे मी त्यांच्या मांडीवर बसून शिकलो. एका घंटीला गाडीतलं कुणी मान वर करत नाही, कुणाचा तरी थांबा आला असेल असं वाटतं. ओरडण्यानं ड्रायव्हर दचकून मागं बघतो आणि चालत्या गाडीत माणसं उठतात. घंटीनं गाडी आधी थांबते. बोलायचं ते त्यानंतर. थांबलेली गाडी आणि न उठलेली माणसं, इतकं पदरात पडल्यावरच तो तोंड उघडतो.

त्या एका दारातून एका वेळी एकच माणूस उतरतो. पायऱ्या उंच, कुणाच्या कडेवर लेकरू, कुणी लुगडं सावरतंय. माणशी दीड सेकंद धरला तर ५३ जणांना ८० सेकंद लागतात. हा हिशोब एकामागे एक उतरणाऱ्या माणसांचा आहे. दोघं एकदम दारात शिरले की खांदे अडकतात आणि तिसरा त्यांना रेटतो. ‘आग!’ म्हटल्यावर नेमकं हेच होतं. शिवाय प्रत्येक जण वरच्या फळीवरचं गाठोडं ओढायला हात वर करतो, तेवढ्यानं वाट बंद.

म्हणून त्याचं ते वाक्य मी बरेच दिवस घोळवलं. “गाडी समोर नाई जात. चाला, उतरा सारे. सामान राहू द्या, इथंच परत बसाचं हाय.” बंद पडलेल्या गाडीतून उतरायची इथल्या माणसाला सवय आहे. कुरकुरत उतरतो, पण उतरतो. आणि परत बसायचं म्हटल्यावर गाठोड्याला हात लावत नाही. तुम्ही याला खोटं म्हणता. ते खोटं आहेच, मी नाकारत नाही. सगळे खाली आल्यावर, वारा ज्या अंगानं येतो त्या बाजूला पन्नास पावलं नेल्यावर, तो खरं सांगतो. आत असताना सांगितलं असतं तर त्या ८० सेकंदांचे किती झाले असते?

पिशवीच्या मालकाचा प्रसंग मला सगळ्यात अवघड गेला. म्हातारा बॅटरी सोडायला तयार नाही. “माही ब्याटरी हाय त्याच्यात, दोन हजाराची!” कंडक्टर त्याच्याशी वाद घालत नाही, रागावत नाही. “बाबाजी, कोनी नेत नाई. मी उभा हाव ना इथं.” आणि पिशवी व म्हातारा यांच्या मधे स्वतः उभा राहतो. तो शांत आहे म्हणजे त्याला भीती नाही, असं मी कुठंच लिहिलेलं नाही. त्याचे पाय लटपटताहेत, हे त्याच परिच्छेदात आहे. आवाज मात्र थांब्याचं नाव पुकारावं तसा.

सीट दोन जळल्या. ड्रायव्हरनं अग्निशामक नळकांड्यातली पूड मारली, ज्वाळा बसली आणि चार मिनिटांनी पुन्हा उठली. पूड ज्वाळा दाबते, पण सेल आतून तापलेलेच राहतात. त्यांना थंड करायला पाणी लागतं, तेही भरपूर. धुऱ्यावर फवारणीसाठी भरून ठेवलेला दोनशे लिटरचा ड्रम म्हणूनच कथेत आला. त्यात औषध कालवलेलं नाही ना, हे कंडक्टर शेतकऱ्याला आधी विचारतो. मग बादल्या.

मशीनबद्दल मात्र तुमच्या वाक्यानं मला थांबवलं. मोजणी चुकीची आहे असं नव्हे. सगळे खाली आल्यावर, आत कुणी झोपलेलं किंवा सीटखाली राहिलेलं नाही ना, हे कळायचा दुसरा मार्ग त्याच्याजवळ नाही. अर्धं तिकीट असो, पंच्याहत्तरीच्या पुढच्यांचं शून्य रुपयाचं असो, मशीनमध्ये नोंद होतेच. पण पाच वर्षांखालच्या लेकराचं तिकीटच निघत नाही. माझ्या कथेत मशीनमध्ये ५३, खाली माणसं ५३, आणि कंडक्टर सुटकेचा श्वास घेतो. तसं होऊ शकत नाही. कडेवरची दोन लेकरं मीच आधीच्या पानावर गाडीत चढवली होती. खाली ५५ डोकी भरायला हवीत. ५३ च भरली, तर दोन जीव अजून वर आहेत.

आज तो भाग बदलतोय. कंडक्टर मशीन बंद करून बायांकडे वळेल आणि विचारेल, “लेकरू कोनाकोनाचं होतं? हातात धरून दाखवा.”