फ्रीजमधले ५ अंश

प्रतिक्रिया: ‘मूळ पोस्टरवर तापमानाची एकच ओळ आहे, तुम्ही तिच्या चार केल्यात. याला भाषांतर म्हणत नाहीत. शिवाय क्रॉस कंटॅमिनेशनला मराठी शब्दही दिलेला नाही.’

नमस्कार. मेसच्या स्वयंपाकघरासाठीच्या अन्नसुरक्षेच्या पोस्टरचं मराठी मी केलं, त्यात ओळी वाढल्या त्या मुद्दामच. मूळ ओळ आहे: फ्रीज ५°, फ्रीझर -१८°. ज्याच्या हातात थर्मामीटर असतो त्याला ती पुरते. आपल्या छोट्या मेसमध्ये मात्र बऱ्याचदा घरगुती फ्रीज असतो आणि आत १ ते ७ आकड्यांचा नॉब. ते आकडे म्हणजे अंश नव्हेत, आकडा वाढवला की थंडावा वाढतो एवढंच. ‘फ्रीज ५ वर ठेवा’ वाचून आचारी नॉब ५ वर फिरवतो आणि निर्धास्त होतो. मे महिन्यात, ठासून भरलेल्या आणि सतत उघडणाऱ्या फ्रीजमध्ये नॉब ५ वर असूनही आत ९-१० अंश सहज असू शकतात.

म्हणून दुसरी ओळ नॉबची. तिसरी फ्रीझरची: ‘फ्रीझर -१८’ मधली उणे खूण नुसती रेघ वाटते, म्हणून ‘शून्याखाली १८’. आणि पहिल्या ओळीत ‘५ अंशांखाली’ टाळून ‘५ अंश किंवा त्याहून थंड’ लिहिलं, कारण शेजारच्याच चित्रात ‘कच्चं चिकन खाली’ आहे, तिथे ‘खाली’ म्हणजे खालचा कप्पा.

चौथ्या ओळीवर माझा सगळ्यात जास्त जीव आहे: ‘मधल्या कप्प्यात पाण्याचा ग्लास, त्यात थर्मामीटर, सकाळी फ्रीज उघडल्याबरोबर वाचा.’ दार उघडलं की आतली हवा लगेच तापते, पाणी हळूहळू तापतं, म्हणून ग्लासातला आकडा अन्नाच्या जवळचा. समजा ८ दिसले. मग नॉब वाढवायचा, गार हवा येते त्या झरोक्यासमोरची पातेली हलवायची आणि दाराच्या रबरात कागद धरून दार लावून पाहायचं. कागद सहज ओढून निघाला तर रबर सैल आहे. दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा वाचायचं. थर्मामीटरवरच शंका असेल तर कुटलेल्या बर्फात थोडं पाणी घालून ढवळा आणि त्यात तो बुडवा. ० च्या आसपास दाखवायला हवा.

तुमच्या शेवटच्या मुद्द्याबद्दल: पोस्टरवर ‘कच्च्याचं शिजवलेल्याला लागू देऊ नका’ असं आहे. खाली दोन वेगळे चॉपिंग बोर्ड, दोन सुऱ्या. ‘संकरदूषण’ वगैरे छापता आलं असतं, पण कोशिंबिरीची काकडी चिकनच्या बोर्डावर चिरणाऱ्या पोऱ्याला त्यातून काय कळणार? हात धुण्याची ओळ तेवढी शब्दशः आहे, साबण आणि २० सेकंद, तिथे वाढवण्यासारखं काही नव्हतं.

तुमच्याकडे छापताना जागा कमी पडत असेल तर चित्रं लहान करा. ग्लासाची ओळ मात्र काढू नका, आणि पोस्टर फ्रीजच्या दारावरच लावा.