तुळजापूरचा दिवस आधी ठरवा, तिकिटाचं नंतर बघू

नवरात्र जवळ आलं की पुण्या-मुंबईच्या नातेवाइकांचे फोन सुरू होतात. "मामी, शनिवार-रविवार जोडून येतो, रविवारी देवीचं दर्शन करून रात्री परत." सुट्टी बघून दिवस ठरतो, मग तिकीट शोधलं जातं आणि तुळजापुरात किती गर्दी असेल हा विचार सगळ्यात शेवटी येतो. मला हा क्रमच चुकीचा वाटतो. तुळजापूरची गर्दी देवीच्या दिनक्रमाप्रमाणे वाढते आणि ओसरते. आपल्या सुट्टीशी तिचा काही संबंध नाही.

यंदा, म्हणजे 2026 साली, घटस्थापना रविवारी 11 ऑक्टोबरला आहे आणि दसरा मंगळवारी 20 ऑक्टोबरला. पहिली लाट घटस्थापनेच्या आदल्या रात्रीच येते. गावोगावची मंडळं तुळजापुरातून ज्योत पेटवून घेतात आणि पोरं ती हातात धरून आपापल्या गावापर्यंत पळत नेतात. 10 तारखेच्या रात्री लातूर, बार्शी, सोलापूर, कुठल्याही रस्त्यावर पळणारी मुलं आणि त्यांच्या मागे हळूहळू चालणारे टेम्पो असणार. अनवाणी, अंधारात, कधी कधी रस्त्याच्या मधोमध. त्या रात्री तुळजापूरच्या आसपास गाडी चालवूच नये असं माझं स्पष्ट मत आहे. अडकून पडाल हे तर आहेच, पण त्या पोरांच्या जिवाची मला जास्त काळजी वाटते.

घट बसल्यावर मंगळवार, शुक्रवार आणि रविवार हे देवीचे वार. त्या दिवशी रांग लांबणारच. पुढं अलंकार महापूजा सुरू होतात. रथ अलंकार, मुरली, शेषशाही, भवानी तलवार, महिषासुरमर्दिनी. ही रूपं बघायला लोक मुद्दाम येतात, त्यामुळं दुसरा आठवडा पहिल्यापेक्षा जड जातो. म्हणजे म्हाताऱ्या माणसाला घेऊन जायचं असेल तर यंदा बुधवार 14 ऑक्टोबर मला सगळ्यात बरा दिसतो. ज्योतीची गर्दी गेलेली, मंगळवार संपलेला आणि शुक्रवार अजून दोन दिवस लांब.

आमच्या सासूबाईंना गुडघ्याचा त्रास आहे, म्हणून आम्ही हाच दिवस धरलाय. आम्ही लातूरहून गाडीनं निघणार, मुंबईचे दीर-जाऊ आणि पुण्याचा भाचा रेल्वेनं येणार. तुळजापूरला अजून रेल्वे नाही, सोलापूर ते धाराशिव मार्गाचं काम चालू आहे. त्यामुळं उतरायचं धाराशिवला. तिथून तुळजापूर वीस-बावीस किलोमीटर. सोलापूरहून हेच अंतर पंचेचाळीसच्या आसपास पडतं.

आता तिकीट. रेल्वेचं आरक्षण पूर्वी 120 दिवस आधी उघडायचं, 1 नोव्हेंबर 2024 पासून ते 60 दिवसांवर आलंय, प्रवासाचा दिवस सोडून. दीर मंगळवारी 13 ऑक्टोबरच्या रात्री मुंबईतून निघणार, म्हणजे त्यांचं आरक्षण शुक्रवारी 14 ऑगस्टला सकाळी 8 वाजता उघडेल. भाच्याचं गणित थोडं वेगळं आहे आणि पुण्याचे लोक नेमके इथंच फसतात. लातूरची गाडी पुण्यात मध्यरात्रीनंतर येते, म्हणून त्याच्या तिकिटावर 14 ऑक्टोबर ही तारीख पडेल. पण 60 दिवस मोजतात ते गाडी जिथून सुटते तिथल्या तारखेपासून. म्हणजे त्यालाही 14 ऑगस्टलाच सकाळी बसावं लागणार. 15 तारखेची वाट बघितली तर मुंबईकरांनी एक दिवस आधीच निम्म्या जागा नेलेल्या असतात. परतीचं तिकीट 14 च्या रात्रीचं, ते 15 ऑगस्टच्या सकाळी. आयआरसीटीसीच्या खात्याला आधार आदल्या आठवड्यातच जोडून ठेवा, नाहीतर सुरुवातीच्या वेळेत तिकीट काढताच येत नाही. आणि वेटिंग निघालं तर तत्काळच्या भरवशावर राहू नका, त्याच दिवशी एसटीचंही बघून ठेवा.

मुक्कामाची खोली तुळजापुरातच पाहिजे हा हट्ट मला पटत नाही. नवरात्रात गावातल्या खोल्यांचे भाव चढतात, शिवाय गाड्या गावाबाहेरच्या पार्किंगलाच थांबवतात, मग मंदिराजवळच्या लॉजचा फायदा तो काय राहिला? धाराशिवला खोली घ्या, आंघोळ करा, थोडं खाऊन निघा.

म्हातारं माणूस सोबत असेल तर दोन गोष्टी घरूनच ठरवून निघा. मंदिर खालच्या अंगाला आहे. महाद्वारातून आत गेलं की पायऱ्या उतरत कल्लोळ तीर्थ, गोमुख तीर्थ करत खाली जायचं आणि परत तेवढंच वर चढायचं. लोक उतरण्याचा विचार करतात, चढण्याचा करत नाहीत. दुसरं म्हणजे गाभाऱ्यापर्यंत जाणारी धर्मदर्शनाची रांग आणि लांबून होणारं मुखदर्शन वेगळं असतं. सासूबाई आणि मी मुखदर्शन घेणार, बाकीचे धर्मदर्शनाच्या रांगेत. पुन्हा कुठं भेटायचं ते गाडीतून उतरायच्या आधीच ठरवायचं, कारण गर्दीत फोन लागेलच असं नाही.

सगळ्यात जास्त गोंधळ होतो तो दसऱ्यानंतर. लोकांना वाटतं नवरात्र संपलं, आता निवांत जाऊ. दसऱ्याला सीमोल्लंघन झालं की देवी अहिल्यानगरकडून आलेल्या पलंगावर निद्रा घेते, ती थेट पौर्णिमेपर्यंत. त्या दिवसांत अभिषेक होत नाहीत. कुळधर्माचा अभिषेक मनात धरून आलेल्या घरांना हे इथं आल्यावर कळतं, तेव्हा फार वाईट वाटतं. आणि पौर्णिमेला तर सोलापूर आणि कर्नाटकातून माणसं चालत येतात, सोलापूर-तुळजापूर रस्ता रात्रभर माणसांनी भरून वाहतो. यंदा कोजागरी रविवारी 25 ऑक्टोबरला, पण पौर्णिमा 26 च्या सकाळपर्यंत आहे. मंदिरातली पौर्णिमा उदयतिथीनं 26 ला धरली तर गर्दी दोन्ही दिवस राहणार.

त्या काळात हा रस्ता वाहनांना बंद करतात. आदेश चार-सहा दिवस आधी सोलापूर आणि धाराशिवच्या स्थानिक पेपरांत येतो, तो वाचून तारखा आणि वेळा लिहून घ्या. मोबाइलचा नकाशा सरळ रस्ता दाखवत राहतो, त्यावर विसंबू नका. सोलापूरहून बीड, छत्रपती संभाजीनगरकडं जाणाऱ्यांनी वैराग-बार्शीवरून येडशीला महामार्ग धरावा. लातूरहून पुण्याला जाणाऱ्यांनी मुरूड, येडशी, बार्शी, कुर्डुवाडी, टेंभुर्णी असं जावं, तुळजापूरला शिवायचंच नाही. हैदराबादकडून लातूरला येणाऱ्यांनी उमरग्याहून औशाकडं वळावं. वळसा पडतो, डिझेल जास्त जातं, हे खरं आहे. पण बॅरिकेडवर पोलिसांशी हुज्जत घालणारे गाडीवाले बघितले की मला राग येतो. दोन दिवस तो रस्ता चालणाऱ्यांचा आहे. कडेवर लेकरू घेऊन रात्रभर चाललेल्या बाईच्या अंगावर हॉर्न वाजवायचा अधिकार आपल्याला कुणी दिला?

भाच्याला आत्ताच कळवलंय, रविवार विसर आणि 14 ऑक्टोबरची रजा टाक. कुणाला आपल्या गावाहून यायचं असेल तर गाव आणि तारीख लिहा, रस्ता सांगते.