फोन केला तर लेखी काय उरतं? लांबलेल्या मेलबद्दलच्या एका प्रतिक्रियेला उत्तर

प्रतिक्रिया: "लांब मेल लिहू नका, नोट जोडा नाहीतर फोन करा, हे सांगायला सोपं आहे. मी वीस वर्षं डाय बनवायच्या धंद्यात आहे. फोनवर 'करा सुरू' म्हणणारे साहेब नंतर सरळ हात वर करतात. एका डायमधल्या बदलाचे पावणेदोन लाख माझे असेच गेलेत. तेव्हापासून मी सगळं मेलमध्येच लिहितो, दोन पानं झाली तरी चालतील. आणि अटॅचमेंट कोणी उघडतसुद्धा नाही. ज्यांचे पैसे अडकत नाहीत त्यांच्यासाठी तुमचा सल्ला ठीक आहे."

उत्तर:

पावणेदोन लाख गेल्यावर माणूस लेखीचा आग्रह धरणारच, आणि तो धरायलाच हवा. फोन झाल्यावर काय करायचं हे मी लेखात एका ओळीत उरकलं होतं, ते चुकलं. तो भाग इथे नीट लिहितो.

पण आधी एक गोष्ट. तुम्हाला खरं तर हवं असतं ते समोरच्याचं लेखी "हो". तुमच्या दोन पानांत तुमचं म्हणणं असतं, त्याचं "हो" नसतं. ते त्याच्या उत्तरात येतं. मेल लांबत गेला की नेमकं ते उत्तरच मोघम येतं, हे मी स्वतः भोगलं आहे.

माझं काम मशीन शॉपमधलं, पैसे आमचेही अडकतात. एका गिऱ्हाइकासाठी आम्ही 320 बुश, म्हणजे शाफ्टवर बसणाऱ्या छोट्या नळ्या, केले होते. बोअर, म्हणजे आतलं भोक, 25 मिलिमीटरचा, आणि ड्रॉइंगप्रमाणे तो 25.000 ते 25.021 मध्ये बसायला हवा. इन्सर्ट झिजल्याचं वेळेवर लक्षात आलं नाही, आणि 46 नगांचा बोअर 25.023 पासून 25.028 पर्यंत मोठा निघाला. 274 नग चोख होते. गिऱ्हाइकाच्या लाइनला गुरुवारी 300 हवे होते.

सोमवारी संध्याकाळी मी मेल लिहायला बसलो. काय झालं, का झालं, मापं किती, पुढे काय काळजी घेतली, सगळं लिहिलं. मग आलं: "46 नग तुम्ही मापात सवलत देऊन घेणार असाल तर सगळा माल एकाच गाडीत पाठवतो. घेणार नसाल तर 274 आधी पाठवू का? तसं असेल तर उरलेल्यांसाठी बार मागवावा लागेल, त्याला चार दिवस लागतील. मात्र काहीच नग घेतलेत तर..." जवळपास आठशे शब्द झाले. मंगळवारी दुपारी उत्तर आलं: "नोंद घेतली. डिस्पॅच प्लॅन पाठवा." गिऱ्हाइकाकडच्या ज्या गृहस्थांना मी लिहिलं होतं, त्यांनी मोबाइलवर पहिला परिच्छेद वाचला होता. मी आणखी लांब मेल पाठवला. बुधवारी सकाळी त्यांच्या परचेसवाल्यांनी खर्च कोण भरणार हे विचारलं. 46 नग घ्यायचे की नाही, यावर कोणीच काही बोललं नव्हतं.

तेव्हा मी त्या गृहस्थांनाच फोन लावला. नऊ मिनिटं बोलणं झालं. पहिल्या दोन मिनिटांत कळलं की हा निर्णय त्यांचा नव्हताच, डिझाइनवाल्यांचा होता, आणि डिझाइनवाले माझ्या मेलच्या सीसीतही नव्हते. शाफ्ट आणि बुशमधली फट ड्रॉइंगप्रमाणे जास्तीत जास्त 0.041 होऊ शकते, आमच्या सगळ्यात मोठ्या बोअरला ती 0.048 झाली असती. तिथे ग्रीस असतं, त्यामुळे थोडी सूट मिळू शकेल, पण डिझाइनला प्रत्येक नगाचं माप लागेल, असं त्यांनी सांगितलं. आठशे शब्दांत मी सरासरी दिली होती, प्रत्येक नगाचं माप दिलंच नव्हतं.

मेल लांबलाय हे ओळखायला शब्द मोजायची गरज नाही. लिहिताना आपण "असेल तर, नसेल तर" असं लिहायला लागलो, दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर पहिल्यावर अवलंबून राहायला लागलं, की समजावं: आपण दोघांचं संभाषण एकटेच करतोय. समोरचा पहिल्याच फाट्यावर "नाही" म्हणणार असेल तर पुढचं सगळं वाया. ते काम फोनचं आहे. तसंच, "गैरसमज नसावा" असं लिहायची वेळ आली किंवा त्याच प्रश्नावर तिसरा मेल जाणार असेल, तरी फोनच करावा.

नोटची खूण वेगळी. मेलमध्ये तक्ता, उपशीर्षकं यायला लागली, किंवा मजकूर पाठवल्या दिवशीच नाही तर आठवड्याने, दुसऱ्याच कोणाला उघडून बघावा लागणार आहे असं दिसलं, की तो मेलचा मजकूर राहिलेला नाही. आमच्या 46 मापांचा तक्ता डिझाइनवाला बघणार, मग तो त्यांच्या फाइलला लागणार, मग पुढच्या ऑडिटमध्ये निघणार. त्याला स्वतःचं नाव, तारीख आणि आवृत्ती हवी. मी दीड पानाची पीडीएफ केली: वर आमची विनंती एका वाक्यात, खाली नगवार मापं, मग कारण आणि केलेला उपाय. नाव दिलं `Bush_Bore_46Nos_R0.pdf`. आकडा बदलला असता तर `R1` झालं असतं. मेलच्या मजकुराला अशी आवृत्ती नसते. त्यात दुरुस्ती करायची तर दुसरा मेल, आणि मग कोणता मेल खरा यावरच वाद.

एक्सेलमधला तक्ता थेट मेलमध्ये चिकटवणाऱ्यांसाठी आणखी एक अडचण सांगतो. त्या तक्त्यासोबत रंग, रेघा, फॉन्ट यांचा न दिसणारा बराच मजकूर येतो. जीमेल 102 केबीच्या पुढचा मेल मध्येच कापतं आणि खाली `[Message clipped]` अशी छोटी ओळ दाखवतं. दिसायला चार तक्ते असलेला मेल त्या मर्यादेच्या पुढे जाऊ शकतो, आणि तुमची मुख्य अट शेवटी असेल तर ती कापलेल्या भागात जाते. तुम्ही लिहिलेलं असतं, त्यानेही "वाचलं" म्हटलेलं असतं, आणि दोघंही खरं बोलत असतात.

"माझी उत्तरं खाली लाल रंगात" ही आपल्याकडची सवयही अशीच घात करते. पुढच्याने साध्या मजकुरात उत्तर दिलं की रंग जातो. मग कोणतं वाक्य कोणाचं हे सांगता येत नाही.

आता अटॅचमेंट. लोक ती उघडत नाहीत हे तुमचं निरीक्षण बरोबर आहे, आणि त्याहून मोठी अडचण म्हणजे ती वाटेत गळते. फॉरवर्ड केलं तर अटॅचमेंट सोबत जाते, पण रिप्लाय केलं तर सहसा जात नाही. तिसऱ्या रिप्लायला कोणी डिझाइनवाल्यांना सीसीत घेतलं तर त्यांना खालचा मजकूर मिळतो, पण फाइल मिळत नाही. म्हणून ज्यावर निर्णय हवाय ते वाक्य, महत्त्वाचा आकडा आणि तारीख मेलच्या अंगातच असली पाहिजे. अटॅचमेंट न उघडताही "हो" किंवा "नाही" म्हणता आलं पाहिजे. ज्याला पडताळायचं असेल तो फाइल उघडेल.

आणि आता तुमचा मूळ मुद्दा, फोननंतर शब्द फिरवण्याचा. त्या दिवशी डिझाइनवाल्यांनी दुपारी फोनवर 25.025 पर्यंतचे नग चालतील असं सांगितलं. फोन ठेवल्यावर दहा मिनिटांच्या आत मी हा मेल पाठवला. मूळ इंग्रजीत होता, इथे मराठीत देतो:

> विषय: बुश बोअर, 46 नग: आज 3.20 ला फोनवर ठरलेलं, आपलं "मान्य" हवं
>
> 1. 25.025 पर्यंतचे 29 नग सवलतीत स्वीकारले. सवलत फक्त याच लॉटपुरती.
> 2. त्यावरचे 17 नग रद्द, ते आम्ही आमच्या खर्चाने नव्याने करू.
> 3. उद्या सकाळी 274 अधिक 29, असे 303 नग निघतील. सवलतीच्या 29 नगांना वेगळं लेबल असेल.
>
> नगवार मापं सोबतच्या नोटमध्ये आहेत. कृपया "मान्य" एवढंच उत्तर द्यावं. उत्तर आल्यावर गाडी भरू.

इथे शेवटची ओळ सगळ्यात महत्त्वाची आहे. बरेच जण लिहितात, "संध्याकाळपर्यंत उत्तर न आल्यास मान्य समजू." त्यावर विसंबू नका. आपल्याकडच्या करार कायद्यात समोरचा गप्प राहिला म्हणजे त्याने होकार दिला असं साधारणपणे धरत नाहीत. त्यामुळे मौनावर काम सुरू केलंत तर धोका तुमच्याच अंगावर राहतो. एका शब्दाचं उत्तर मागा, आणि ते येईपर्यंत हात लावू नका. लांब मेलला "मान्य" म्हणायला माणूस कचरतो, कारण आपण नेमकं कशाला मान्यता देतोय हे त्याला कळत नाही. तीन ओळींना तो जिन्यातून उतरतानाही देतो. आम्हाला ते अठरा मिनिटांत आलं.

पुराव्याच्या दृष्टीने हा छोटा मेल कुठेही कमी पडत नाही. माहिती तंत्रज्ञान कायदा, 2000 इलेक्ट्रॉनिक नोंदींना मान्यता देतो, आणि त्याच्या कलम 10अ प्रमाणे असा मजकूर वापरला एवढ्याच कारणाने करार निरर्थक ठरत नाही. कोर्टात नोंद कशी दाखल करायची ते 1 जुलै 2024 पासून भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम 63 मध्ये आहे. यात लांबीचा संबंध कुठेच नाही. उलट वाद झालाच, तर समोरच्याने "मान्य" लिहिलेल्या तीन ओळी वाचणाऱ्याला लगेच कळतात.

फोन कधी करू नये, हेही सांगतो. वाद आधीच पेटलेला असेल, पैसे थकवले असतील, किंवा त्याच माणसाने एकदा शब्द फिरवला असेल, तर एकट्याने फोन नकोच. तिथे लेटरहेडवर, सहीशिक्क्यासह पत्र करायचं, पीडीएफ जोडायची, आणि मेलमध्ये दोन ओळी: पत्र कशाबद्दल आहे आणि उत्तर कोणत्या तारखेपर्यंत हवंय. बोलणं टाळता येत नसेल तर आपल्या बाजूने आणखी एकाला कॉलवर घ्या, आणि ठरलेल्या मुद्द्यांचा मेल दोघांच्या नावे पाठवा.

तुमच्या डायच्या प्रकरणाबद्दल एक विचारायचं आहे. "करा सुरू" म्हणणाऱ्या साहेबांना बदलाचा खर्च मंजूर करायचा अधिकार होता, की तो परचेसकडे होता? आमच्या बुशच्या वेळी मी दोन दिवस चुकीच्या माणसाला लिहीत होतो. तुमचंही तसंच झालं असेल तर मेलची लांबी हा नंतरचा प्रश्न. आधी सीसीत कोण हवं होतं ते बघावं लागेल, आणि त्यावर मला तुमच्याकडून तपशील ऐकायला आवडेल.